विकणाऱ्याची ओळ

एम.ए. मराठी करून भिलाईत नोकरी शोधणाऱ्या माणसाला लोक फार प्रेमाने वागवतात. आजारी माणसाला वागवतात तसं. मलाही तसंच वागवलं गेलं. शेवटी सेक्टर सहाच्या बाजारात, एका साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर, शेअर दलालाच्या ऑफिसात मी लागले. दलाल म्हणजे मुंबईच्या एका मोठ्या ब्रोकरचा इथला अधिकृत प्रतिनिधी. पण दारावरच्या पाटीत प्रतिनिधी वगैरे काही नव्हतं. तिथे सोनेरी अक्षरांत ‘चीफ वेल्थ स्ट्रॅटेजिस्ट’ असं होतं. खोली दहा बाय बारा, त्यात सरांची खुर्ची एवढी मोठी की ती आधी ठेवून मग भिंती बांधल्या असाव्यात असं वाटे.

सर मूळचे वर्ध्याकडचे. वडील इथल्या स्टील प्लँटमध्ये क्लार्क होते. सर स्वतः बारा महिने टाय लावत, मे महिन्यातसुद्धा. आमचे बहुतेक ग्राहक प्लँटमधून रिटायर झालेले अधिकारी, त्यांच्या बायका, दुर्ग लाइनवरचे काही रेल्वेवाले आणि जामुलच्या सिमेंट फॅक्टरीतले दोन-चार जण. त्यांना ऑफिसात यायला आवडायचं. घरी त्यांचं कोणी ऐकत नसे आणि इथे एसी होता.

माझं खरं काम बाजार बंद झाल्यावर सुरू व्हायचं. संध्याकाळी एक्स्चेंज आपल्या साइटवर दोन तक्ते टाकतं. एखाद्या ग्राहकाने कंपनीच्या एकूण शेअर्सच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर्स एकाच दिवसात घेतले किंवा विकले, तर तो बल्क डील. त्याचं नाव, शेअर्सची संख्या आणि सरासरी भाव बाहेर येतो. दुसरा तक्ता ब्लॉक डीलचा. हा सौदा फार मोठ्या रकमेचा असतो, दिवसातल्या ठरावीक काही मिनिटांत, ज्याला खिडकी म्हणतात, होतो आणि आधीच्या भावाच्या जवळपासच करावा लागतो. एक्स्चेंज दोन, म्हणून तक्ते चार. आमच्या ग्राहकांकडे ज्या कंपन्यांचे शेअर्स होते त्यांची एक यादी मी ठेवली होती. त्या कंपन्यांच्या प्रवर्तकांची, म्हणजे मालक मंडळींची, नावंही त्यात होती. चार तक्ते यादीशी ताडून पाहायचे आणि काही सापडलं तर ग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं. घ्या किंवा विका असं सांगायची आम्हाला परवानगी नव्हती. छापून आलेलं जसंच्या तसं कळवणं, एवढंच.

मला हे काम आवडायचं. दिवसभर टीव्हीवर लोक ओरडून जे सांगतात त्यातलं काहीच या तक्त्यांत नसतं. कोणी, काय, किती, कोणत्या भावाने, एवढंच. कारण लिहायचा रकानाच नाही. इतका मितभाषी मजकूर मी एम.ए.च्या अभ्यासक्रमातही वाचला नव्हता.

तक्ता वाचायच्या काही खुबी असतात. काही मोठ्या ट्रेडिंग फर्म्स एकच शेअर दिवसभर घेतात आणि विकतात. त्यांचं नाव घेणाऱ्यांतही येतं, विकणाऱ्यांतही येतं, आणि आकडे जवळजवळ सारखे असतात. म्हणजे शेवटी हिशेबात काहीच बदललेलं नसतं. पहिल्या वर्षी सर अशी ओळ दिसली की खुर्चीतून उठत. “मॅडम, मोठा माणूस शिरून राहिला!” मी म्हणायची, “सर, तोच खाली निघूनही गेला.” मग सर बसत. खुर्ची कुरकुरत असे.

पुढे सरांनी सुधारणा केली. ग्रुपवरचे मेसेज लांब होतात, लोक वाचत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा मी ज्यात तक्ते ताडायची त्या कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये त्यांनी अशी सोय करून घेतली की यादीतल्या कंपन्यांत प्रवर्तकाने विकलेल्या ओळी तेवढ्या लाल होऊन वर येतील आणि बाकी सगळं झाकलं जाईल.

“आपल्या लोकांजवळ माल आहे ना? मंग त्याले भीती कशाची? मालक विकून राहिला का, याची. कोन घेऊन राहिला, त्याच्याशी काय करनं आहे?”

मी म्हटलं, “सर, दोन्ही बाजू दिसल्या तर बरं.”

“मॅडम, तुम्ही साहित्यवाले. तुमाले सगळ्याच्या दोन बाजू लागते.”

मी शीट तशीच वापरू लागले. पगार त्यांच्याकडून येत होता आणि वाक्यही वाईट नव्हतं.

आमच्या ग्राहकांत एक होत्या सिस्टर. प्लँटच्या हॉस्पिटलात तीस-बत्तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे टाउनशिपमधल्या अर्ध्या लोकसंख्येला त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली होती. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मी सिस्टरकाकू म्हणायची. स्मृति नगरात एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान प्लँटच्या कोक ओव्हन भट्ट्यांवर होते, त्यांनी एका पाइप बनवणाऱ्या छोट्या कंपनीचे शेअर्स वर्षानुवर्षं थोडे थोडे करून घेतले होते. बाकी त्यांनी काहीच मागे ठेवलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. काकूंची पेन्शन होती आणि हे शेअर्स होते. म्हातारपणी आजारी पडले तर कोणापुढे हात पसरायचा नाही, ही त्यांची एकच जिद्द, आणि ती त्या शेअर्सवर उभी होती. गुंतवणुकीचा सल्ला द्यायला आलेल्या बँकवाल्याला त्यांनी एकदा सांगितलं होतं, “एका कंपनीत सगळं ठेवनं चुकीचं आहे, मले ठाऊक आहे. नवराबी एकच केला होता.”

त्या दिवशी तक्ते जरा लवकर आले. मी शीट चालवली आणि सगळ्यात वर लाल ओळ आली. काकूंची पाइपची कंपनी. ब्लॉक डील. विकणारा, प्रवर्तक, म्हणजे कंपनीचा म्हातारा मालक स्वतः. आकडा असा की मी तो दोनदा वाचला. त्याच्या स्वतःच्या नावावरचा जवळजवळ सगळा हिस्सा गेला होता.

सरांना दाखवलं. ते घाईत होते. त्या संध्याकाळी सेक्टर सहातल्याच एका सभागृहात आमच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात सरांचा सत्कार होता. टाय त्यांनी नवीन लावला होता. ओळ पाहून त्यांनी स्वतःच्याच फोनवरून ग्रुपवर टाकलं: ‘प्रवर्तकाने आपला हिस्सा विकला. सावध.’ सावध हा शब्द तक्त्यात कुठेच नव्हता.

“सिस्टरला मी फोन करू का?” मी विचारलं.

“ग्रुपवर आहे ना ती. मेसेज वाचन ती.” आणि सर गेले.

मी ऑफिस बंद करायला लागले. पण मन लागेना. एक साधी गोष्ट खटकत होती. ब्लॉक डील म्हणजे खिडकीत एकाने विकायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी घ्यायचं. रस्त्यावरच्या गर्दीत सुट्टं सुट्टं विकलं तर घेणारे शंभर जण असतात, कोणाचंच नाव छापत नाही. ब्लॉकमध्ये तसं नाही. तिथे विकणाऱ्याखाली घेणाऱ्याची ओळ येतेच. आणि आमच्या शीटवर लाल ओळीखाली पांढरी जागा होती, कारण आम्हीच ती पांढरी केली होती.

मी शीट बंद करून थेट एक्स्चेंजच्या साइटवर गेले. खालचीच ओळ होती. तेवढेच शेअर्स, तोच भाव, घेणारी एक बाई. आडनाव वेगळं. आमच्या यादीत ते नाव कुठेही नव्हतं. कोणी बाहेरची श्रीमंत बाई, असंही असू शकत होतं. मग मी कंपनीने एक्स्चेंजला दिलेल्या सूचना चाळल्या. आठवडाभरापूर्वीची एक सूचना सापडली: प्रवर्तक आपले शेअर्स आपल्या मुलीला विकणार आहेत, त्यानंतर प्रवर्तक गटाचा एकूण हिस्सा होता तेवढाच राहील. कायद्याने असं आधी कळवावं लागतं आणि त्यांनी ते कळवलं होतं. मुलीचं नाव तेच, तक्त्यातलं.

आता मी यादी उघडली. मुलगी आमच्या यादीत होती. पण माहेरच्या आडनावाने. यादी केली तेव्हा तिचं लग्न झालेलं नसावं, आणि आमच्यापैकी कोणी तिला त्यानंतर सासरी पोचवलंच नव्हतं. म्हणजे घेणाऱ्याची ओळ झाकली नसती तरी शीटने तिला ओळखलं नसतं. बापाने विकलं, लेकीने घेतलं, आणि आम्ही इकडे भिलाईत मालक पळाल्याची दवंडी पिटली होती.

मी काकूंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. ग्रुप उघडला तर तिथे आकाशच कोसळलं होतं. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका लिहीत होते की त्यांना दोन वर्षांपासून संशय होताच. जामुलच्या एकाने जळत्या इमारतीचं चित्र टाकलं होतं. आणि त्या सगळ्याखाली काकूंचा एकच मेसेज: ‘ऑर्डर टाकली. सगळे. सकाळी जाईल.’

बाजार बंद असतानाही फोनवरून दुसऱ्या दिवसाची ऑर्डर टाकून ठेवता येते, आणि ती जाईपर्यंत रद्दही करता येते. हे काकूंना मीच शिकवलं होतं. टाकायचं शिकवलं होतं, रद्द करायचं शिकवलं नव्हतं. तशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. त्या शेअरमध्ये रोज होणारे सौदे फार थोडे. काकूंची सगळी रास सकाळी मिळेल त्या भावाला एकदम बाजारात पडली असती तर भाव कुठे गेला असता, ते मला शीटशिवायही दिसत होतं.

सरांचा मेसेज सरांशिवाय कोणी मागे घेतलेला लोकांना पटला नसता, म्हणून मी स्कूटर काढली आणि सभागृहात गेले. कार्यक्रम रंगात होता. सरांच्या खांद्यावर शाल पडली होती, हातात नारळ होता, आणि एक वक्ते सरांना भिलाईच्या आर्थिक नभातला ध्रुवतारा म्हणत होते. मी बाजूच्या पायऱ्यांवरून मंचाच्या कडेला गेले आणि सरांना खुणावलं. ते आले, चेहऱ्यावर ध्रुवताऱ्याचं हसू तसंच.

“सर, ती मुलगी आहे.”

“कोनती मुलगी?”

“घेणारी. मालकाची मुलगी. घरातल्या घरात गेलंय. कंपनीने आधीच कळवलं होतं.” मी फोनवर सूचना दाखवली. “आणि सिस्टरकाकूंनी सगळे विकायची ऑर्डर टाकली आहे. फोन उचलत नाहीत.”

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. हसू हळूहळू उतरलं. “उद्या सकाळी पाहू ना. दुरुस्ती टाकून देऊ ग्रुपवर.”

“सकाळी ऑर्डर गेलेली असेल.”

“अहो, आता इथे कशी माघार घेऊ? समोर पाहा, सगळे आपलेच क्लायंट बसून राहिले आहेत. कावून आत्ताच सापडलं हे तुमाले?”

“कारण आत्ताच शोधलं, सर.”

मला वाटलं, आता नोकरी गेली. खरं सांगते, त्या माणसाबद्दल मी तोवर मनात जे काही जमवलं होतं त्यात कौतुक फारसं नव्हतं. पुढे जे झालं ते मी अपेक्षिलं नव्हतं. सर वळले, वक्त्याच्या हातातून माइक घेतला, ध्रुवताऱ्याच्या वाक्याच्या ऐन मध्यात, आणि म्हणाले:

“एक मिनिट. संध्याकाळी मी जो मेसेज टाकला तो अर्धा होता. विकणारा सांगितला, घेणारा नाही सांगितला. घेणारी त्याचीच मुलगी आहे. मालक कुठेबी गेलेला नाही. ‘सावध’ हा शब्द माझ्या पदरचा होता, तो मी परत घेतो. ज्यांनी ज्यांनी घाबरून ऑर्डर टाकली असन त्यांनी सूचना स्वतः वाचून मंग काय ते ठरवा. चूक माझी.”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. लोकांना तो विनय वाटला. वक्ते म्हणाले, “पाहा, मोठी माणसं अशी असतात.” मागच्या रांगेतले फक्त पाच-सहा जण फोन काढून घाईघाईने बोटं चालवू लागले. त्यांना कळलं होतं.

सर खाली उतरले. “सिस्टर आली आहे का?”

“नाही. घरी असतील.”

“चला मंग.”

त्यांची गाडी इतर गाड्यांच्या मागे अडकली होती. तेव्हा भिलाईचे चीफ वेल्थ स्ट्रॅटेजिस्ट माझ्या स्कूटरवर मागे बसले. शाल अंगावर, नारळ मांडीवर, टाय वाऱ्यावर. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने त्यांना नमस्कार केला. बहुधा कुठल्या लग्नातला नवरदेव समजला असावा, वयाकडे न पाहता.

काकू अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. फोन आत चार्जिंगला. सरांना त्या अवतारात पाहून त्यांनी पाइप खाली टाकला.

“का जी, कोन मेलं?”

“कोनी नाही, सिस्टर. मी चुकलो.”

“बसा आधी.” त्यांनी दोघांना आत नेलं, पाणी दिलं. मी फोनवर सूचना उघडली आणि सगळं सांगितलं: विकणारा कोण, घेणारी कोण, एकूण हिस्सा तेवढाच कसा. काकूंनी चष्मा लावला आणि सूचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली, सही आणि तारखेसह. नर्सच्या सवयीने.

“मंग आता विकू का नको?”

सर सवयीने पुढे झुकले. त्यांच्या तोंडात उत्तर तयार होतं, मला दिसत होतं. परवानगी असो नसो, धंद्याच्या बारा वर्षांत एकदाही त्यांनी असा प्रश्न रिकामा जाऊ दिला नव्हता. ते थांबले.

“ते मी नाही सांगू शकत, सिस्टर. सांगायचा हक्क मले नाही, आन आज तर तोंडबी नाही. मी एवढंच सांगतो की तुम्ही माझ्या ज्या शब्दावर ऑर्डर टाकली, तो शब्द खोटा होता.”

काकूंनी चष्मा काढून ठेवला आणि त्या म्हणाल्या, “तो बुढा थकला असन. पोरीले देऊन टाकलं. मले पोरगी असती तर मीबी देलं असतं.” आणि फोन माझ्यासमोर धरला. “काढ पोरी ते. कसं काढाचं ते दाखव, माझ्या हातानं काढते.”

मी दाखवलं. ऑर्डरची ओळ, ती दाबायची, रद्दवर बोट, पुन्हा एकदा हो. त्यांनी सावकाश, प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत केलं. रद्द झाल्याचं दिसलं तेव्हा त्यांनी फोन उलटा ठेवला आणि सरांकडे वळल्या.

“आता तुमी सांगा. मी झाडाले पानी घालत होती. तुमी हार-तुरे सोडून इथे आले. मले फोनवर नसतं सांगता आलं?”

“तुम्ही उचलला नाही.”

“उद्या उचलला असता.”

“उद्या उशीर झाला असता, सिस्टर.”

“हूं.” काकू उठल्या. “चहा ठेवते. नारळ आनला आहे तर फोडू, खोबरं चहासोबत चांगलं लागत नाही, पन तसाच घरी परत नेऊ नका.”

सरांनी नारळ दिला. सत्काराचा नारळ काकूंनी ओट्यावर आपटून फोडला आणि आम्ही खोबरं खाल्लं. चहासोबत खरंच चांगलं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेअर सकाळी घसरला. देशभरात आमच्यासारखे अर्धाच तक्ता वाचणारे पुष्कळ निघाले. मग दुपारपर्यंत कोणीतरी दुसरी ओळ वाचली असावी, कारण तो सावरला. पुढे त्याचं काय झालं ते मी लिहीत नाही. तो शेअर वर गेला म्हणून आम्ही बरोबर होतो असं कोणाला वाटायला नको, आणि खाली गेला असता तरी काकूंनी त्या संध्याकाळी जे ठरवलं ते पूर्ण कागद वाचून, स्वतः ठरवलेलं होतं. मला त्याचंच समाधान आहे.

शीटमधली ती सुधारणा सरांनी स्वतः काढून टाकली. मेसेज पुन्हा लांब झाले, घेणारा आणि विकणारा दोघंही दिसू लागले, आणि लोक पुन्हा ते वाचेनासे झाले. प्रवर्तकांच्या यादीतल्या मुली-सुनांची नावं कंपन्या दर तीन महिन्यांनी जाहीर करतात त्या शेअरधारकांच्या तक्त्याशी ताडायचं काम माझ्याकडे आलं. पाटी मात्र तशीच राहिली, सोनेरी. मी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. तिच्या मागे बसलेला माणूस भर सभेत, खांद्यावर शाल असताना, ‘चूक माझी’ म्हणू शकतो हे मी पाहिलं होतं, आणि माझ्या वाचनात किंवा ओळखीत असं म्हणणारे फार जण नाहीत.

काकू त्यानंतर दर महिन्याला एकदा ऑफिसात यायला लागल्या. एसीत बसत, सरांच्या टायला नावं ठेवत आणि जाताना मला विचारत, “त्या पोरीनं विकलं तर नाही ना काही?”

“नाही, काकू.”

“चांगली पोरगी आहे,” त्या म्हणत. त्या मुलीला आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलं नव्हतं.